एक्केचाळीस फुगवटे

आमच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप आला तेव्हा त्याची आधी पूजा झाली. हळदकुंकू, नारळ, उदबत्ती. उदबत्तीची राख पडद्याच्या काचेवर पडली म्हणून विभागप्रमुखांनी शिपायाला झापलं, पण पूजा थांबवली नाही. कॉलेजला जेमतेम दुसरं वर्ष होतं. इमारत मागच्या बाजूने अजून बांबूंच्या टेकूवर उभी होती आणि वर्गांच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, त्यामुळे बंदरावरचा सुक्या मासळीचा वास विनातक्रार सगळ्या तासांना बसायचा. सबंध किनाऱ्यावर असलं यंत्र दुसरीकडे कुठे नाही, असं विभागप्रमुख येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खरं असेलही. पण विजेच्या लाटा पडद्यावर काढून दाखवणाऱ्या त्या यंत्राचं करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. वय तेवीस, पदवी ताजी, नोकरी कच्ची. ती डिसेंबरात पक्की व्हायची होती आणि कायम करण्याच्या कागदावर पहिली सही विभागप्रमुखांची लागणार होती. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःबद्दल काही चांगलं लिहायला लागलो तर वाचणाऱ्याने सावध राहावं.

विभागप्रमुख घाटावरचे. इथल्या लोकांना विज्ञान कळत नाही, हे त्यांचं लाडकं मत होतं, आणि ते मत ते इथल्याच लोकांच्या घरी सोलकढी पिता पिता मांडत. उपकरणांची सगळी कपाटं त्यांनी कुलूपबंद ठेवली होती. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं हे कारण. मुलांनी हात लावला तर काहीतरी मोडेल आणि विद्यापीठाची समिती येईल तेव्हा दाखवायला राहणार नाही, हे खरं कारण. त्यामुळे आमची मुलं भौतिकशास्त्र फळ्यावर शिकत आणि उपकरणं कपाटात निवांत झोपत. ऑसिलोस्कोप तेवढा बाहेर होता, टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली. कोणी पाहुणा आला की रुमाल काढायचा, हिरवी रेघ नाचवून दाखवायची आणि रुमाल परत घालायचा. मी सहा महिने हेच काम केलं.

या यंत्राला खरं काम मिळालं ते देवळातल्या पेटीमुळे.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष हेच देवस्थान समितीचेही अध्यक्ष. दोन्हीकडे त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी भजनी सप्ताहासाठी शहरातून नवी पेटी आणली. चकचकीत, पितळी कोपऱ्यांची, आणि जोडसुरांची. म्हणजे एक पट्टी दाबली की आत एकाच सुराच्या दोन पात्या एकदम वाजतात आणि आवाज भरदार निघतो. अध्यक्षांनी ती स्वतः मांडीवर ठेवून आणली असं लोक सांगत. देवळात पेटी उघडली, हार घातला आणि पहिला सूर धरायला कट्टा गावच्या पेटीवाल्यांना पुढे बसवलं.

हे पेटीवाले म्हणजे साठीच्या घरातले, काटकुळे, सुपारी कातरत बसणारे गृहस्थ. सगळे त्यांना तात्या म्हणत. कट्ट्याला बाजारात त्यांचं टीचभर दुकान होतं. आजूबाजूच्या चाळीसेक देवळांच्या आणि दशावतारी मंडळ्यांच्या पेट्या दरवर्षी तेच लावत. पाती टोकाकडे किंचित खरवडली की सूर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. एवढंच ते काम. पण किती खरवडायचं ते कान सांगतो, आणि लोक तात्यांना बोलावत ते त्या कानासाठी.

तात्यांनी काळी एक पट्टी दाबली, भाता हलवला, डोळे मिटले आणि भर देवळात म्हणाले, "पेटी लहरता. दोनय पात्ये एका जाग्यार नाय."

अध्यक्ष हसले. "तात्यानू, नवी कोरी पेटी आसा ती!"

"नवी आसा म्हणान काय झाला? सेकंदाक चार लहरी येतत. चाराक जरा वरच. माघारी धाडा."

दोन सूर अगदी एकसारखे असले तर आवाज सपाट येतो. त्यांच्यात बारीक फरक असला तर दोन्ही आवाज कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना मारतात, आणि ऐकणाऱ्याला आवाज फुगतो-बसतो, फुगतो-बसतो असा लागतो. या एकेका फुगण्याला पुस्तकात विस्पंद म्हणतात, मुलं बीट म्हणत, तात्या लहर म्हणत. सेकंदाला जितके विस्पंद, तितकाच त्या दोन सुरांच्या कंपनसंख्यांत फरक. तात्यांना हे सूत्र म्हणून ठाऊक नव्हतं. त्यांना ते काम म्हणून ठाऊक होतं. लहरी मोजायच्या आणि पाती खरवडत त्या कमी कमी करत न्यायच्या. मोजायच्या कशा, तर खिशातलं साखळीचं घड्याळ समोर ठेवायचं, चार लहरी झाल्या की अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर सरकवायचा. सेकंदकाटा पाव फेरा फिरेपर्यंत त्यांची पंधरा पेरं झाली आणि वर एक लहर उरली. पंधरा सेकंदांत एकसष्ट. सेकंदाला चार आणि जरा वर.

आता अध्यक्षांना पेटी माघारी धाडणं म्हणजे नाक कापून देणं. त्यांनी शहरातल्या दुकानाला पत्र घातलं. दुकानदाराचं उत्तर आलं की जोडसुरांत थोडी लहर मुद्दाम ठेवतात, त्याने आवाजाला गोडी येते. ती सेकंदाला दोन-अडीचपर्यंत असते. त्याहून जास्त असेल तर तो दोष समजून पेटी बदलून देऊ. म्हणजे सगळं प्रकरण एका आकड्यावर आलं. चार असले तर तात्या खरे. दोन असले तर अध्यक्ष खरे, आणि तात्यांचे कान गेले. पेटी लावणाऱ्याचे कान गेले म्हटल्यावर त्याला कोण बोलावणार? पुढचा सबंध हंगाम, चाळीस देवळं आणि सगळ्या मंडळ्या, त्या एका आकड्याला टांगून होत्या.

अध्यक्षांनी आमच्या विभागप्रमुखांना विचारलं, तुमचं ते यंत्र हे मोजेल का. विभागप्रमुखांना तर आकाश ठेंगणं झालं. "कानाचं काय घेऊन बसलात? कान फसतो. यंत्र फसत नाही," असं ते तीन दिवस सगळ्यांना सांगत होते.

एका शुक्रवारी दुपारी पेटी प्रयोगशाळेत आली. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावल्या. अध्यक्ष खुर्चीवर, विभागप्रमुख फळ्यापाशी, तात्या पेटीशी जमिनीवर आणि मी यंत्रापाशी. पेटीसमोर मायक्रोफोन ठेवला, तो अॅम्प्लिफायरमधून ऑसिलोस्कोपला जोडला. हिरव्या ठिपक्याचा वेग असा लावला की पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जायला त्याला बरोबर एक सेकंद लागावा.

तात्यांनी आधी खटका ओढून पात्यांची एक ओळ बंद केली आणि एकच पाती वाजवली. पडद्यावर सरळ, एकसारख्या रुंदीचा हिरवा पट्टा उमटला. मग त्यांनी दुसरी ओळ उघडली. पट्ट्याला लगेच फुगवटे आले. फुगवटा, बारीक कंबर, फुगवटा, बारीक कंबर. पडद्यावर चार. अध्यक्ष खुर्चीतून उठून बघायला आले. मला मनापासून सांगायचं तर ते फार सुंदर दिसत होतं. जे तात्या कानाने सांगत होते ते डोळ्यांनी दिसत होतं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मला त्या यंत्राची लाज वाटली नाही.

ठिपक्याच्या दहा फेऱ्या मी मोजल्या. दहा सेकंदांत एक्केचाळीस फुगवटे. वहीत लिहिलं: ४१ भागिले १०, म्हणजे ४.१.

तात्यांनी विचारलं, "किती झाले, मास्तरानू?"

मी तोंड उघडणार एवढ्यात विभागप्रमुखांनी वही घेतली, आकडा पाहिला आणि खडू उचलला. त्यांनी फळ्यावर सूत्र मांडलं. दोन लाटांची बेरीज केली की बाहेरच्या फुगवट्याचं जे पद येतं, त्यात दोन कंपनसंख्यांच्या फरकाच्या निम्मी संख्या असते. ही गोष्ट पुस्तकात खरोखर आहे. मग त्यांनी फुगवट्यांच्या वरच्या कडेवरून एक वळणदार रेघ काढली. पहिल्या फुगवट्यावर ती वर होती, कंबरेपाशी खाली उतरली आणि दुसऱ्या फुगवट्याच्या खालच्या कडेने गेली. "हा वरचा आणि हा खालचा मिळून एक पूर्ण लाट. म्हणजे दोन फुगवट्यांचा एक विस्पंद. एक्केचाळीसचे साडेवीस. सेकंदाला दोन पूर्णांक पाच शतांश. पेटी निर्दोष आहे."

अध्यक्षांनी टाळी वाजवली. भौतिकशास्त्राला टाळी पडलेली मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

तात्या फळ्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. "मास्तरानू, तुमी मोजलात ते एक्केचाळीस?"

"हो."

"मगे ह्यांनी अर्धे कित्या केले? लहर वर आसा काय खाली आसा, ता कानाक खंय कळता? आवाज फुगलो की एक."

माझ्या आयुष्यात विस्पंदाची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. त्या दुपारी मात्र मी काय बोललो? मी शुद्ध, कॉलेजी मराठीत बोललो. आईच्या मालवणीत वाढलेला मी, त्या माणसाला म्हणालो, "तात्या, याच्यामागे गणित आहे. ते तुम्हाला समजायचं नाही." बरं, मला तरी समजलं होतं का? फळ्यावर कोसाइन होता आणि खडू साहेबांच्या हातात होता, एवढंच मला समजलं होतं. कंबरेपाशी पट्टा कधीच पुरता मिटत नव्हता, कारण एक पाती दुसरीपेक्षा जोरात वाजत होती. साहेबांची ती वरून खाली जाणारी रेघ मधला पट्टा कापून मगच पलीकडे जात होती, म्हणजे पडद्यावर तशी रेघ नव्हतीच. हे माझ्या डोळ्यांसमोर, हिरव्या उजेडात चाललं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी खळखळाट त्यांचा होता आणि उथळपणा दोघांचा.

कॉलेजच्या कागदावर प्रमाणपत्र लिहिलं गेलं. 'सदर हार्मोनियमची विस्पंदसंख्या आधुनिक उपकरणाने तपासली असता' वगैरे. खाली विभागप्रमुखांची सही. त्याखाली 'मोजणी करणार' म्हणून माझी. ती सही मी फार वळणदार केली होती. कागदावर आलेली माझी ती पहिलीच शास्त्रीय सही.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ते प्रमाणपत्र देवळात मोठ्याने वाचलं. तात्या खांबापाशी उभे होते. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. फक्त एक म्हातारा हळहळत म्हणाला, "कान गेले रे तात्याचे," आणि बाकीच्यांनी चुकचुक केली. शिवी दिली असती तर तात्यांना उलट देता आली असती. चुकचुकीला काय उत्तर द्यायचं? पंधरा दिवसांत चार देवळांनी पेटी लावायला दुसरा माणूस बोलावला. मग तोंडवलीकडच्या दशावतारी मंडळीनेही.

चूक मला कळली ती माझ्या हुशारीने नव्हे. विद्यापीठाची समिती यायची म्हणून कपाटं उघडून पुसायचं काम माझ्याकडे आलं. एका कपाटात लाकडी डबा होता, वरचं सील अजून शाबूत. आत दोन ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर एकच ठरावीक सूर देणारे पोलादी काटे, आपापल्या पोकळ खोक्यांसकट. एकावर कोरलं होतं २५६, दुसऱ्यावर २६०. खास विस्पंदांच्या प्रयोगासाठी मागवलेली जोडी. दीड वर्ष ती आमच्या कपाटात, आमच्या नाकाखाली, सीलबंद पडून होती.

मी दोन्ही ठोकले, मायक्रोफोन समोर धरला, रुमाल काढून यंत्र चालू केलं. एका सेकंदात चार फुगवटे. दोन्ही कंपनसंख्यांचा फरक चार. पोलादावर कोरलेला चार. साहेबांच्या हिशेबाने तिथे दोन यायला हवे होते. मी पुन्हा ठोकले. मग यंत्र बंद करून नुसत्या कानाने ऐकलं, तात्यांसारखं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. दहा सेकंदांत चाळीस वेळा आवाज फुगला. सूत्र खोटं नव्हतंच. त्यातली निम्मी संख्या त्या काल्पनिक रेघेची. आवाज मात्र रेघ वर असो की खाली, दोन्ही वेळा फुगतो, म्हणून विस्पंद दुप्पट, म्हणजे सबंध फरकाइतके. बी.एस्सी.ला हे मी पाठ करून लिहिलं होतं आणि त्याला मार्कही मिळाले होते.

मी तसाच विभागप्रमुखांच्या खोलीत गेलो. दोन्ही फोर्क त्यांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी फोर्क उलटसुलट करून पाहिले. चूक त्यांना कळली. कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं, आणि म्हणूनच मला त्यांची आजही किळस येते. न कळणारा माणूस एक वेळ परवडतो.

"कारखान्यात आकडा चुकीचाही कोरलेला असू शकतो," ते म्हणाले.

"सर, मग दोन्ही फोर्क वेगवेगळे तपासू."

"समिती पुढच्या आठवड्यात येते आहे. आपण दिलेलं प्रमाणपत्र आपणच चूक म्हणायचं? त्यावर सही तुमचीही आहे." मग ड्रॉवर उघडून त्यांनी फोर्क आत ठेवले आणि अगदी मायेने म्हणाले, "डिसेंबरात तुमचा कागद पाठवायचा आहे ना?"

मी मूग गिळून बाहेर आलो. चांगला मूठभर.

पुढच्या रविवारी एस.टी.ने कट्ट्याला गेलो. तिकडे का गेलो ते मी तेव्हा स्वतःला फार छान शब्दांत सांगितलं होतं. सत्याची चाड, वगैरे. खरं कारण एवढंच की मला मोकळं वाटायला हवं होतं आणि ते स्वस्तात हवं होतं.

तात्या दुकानात एकटेच होते. समोर एक जुनी पेटी उघडी पडलेली, पण ती कुणाच्या घरची होती. देवळाची एकही दिसली नाही. मी बाकावर बसलो. आता मालवणीत बोललो, कारण आता मला माफी हवी होती. "तात्यानू, तुमी म्हणा होतात ताच खरा. चारच लहरी आसत. आमची चूक झाली. मी यंत्रार परत बघलंय."

ते रागावतील, नाहीतर पाठीवर हात ठेवतील, असं काहीतरी मी धरून चाललो होतो. त्यांनी पाती खरवडायची पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्या माका कित्या सांगतंस? माका तां पयल्याच दिवशी म्हायत होता. देवळात जावन सांग."

मी म्हणालो, "तात्यानू, माझी नोकरी..."

"मगे चाय पी आणि जा," ते म्हणाले, आणि स्वतः उठून त्यांनी शेजारी चहा सांगितला. मी तो प्यायलो. गरम होता, गोड होता, आणि घशाखाली उतरला. लाजेने माणसाच्या घशात घास अडकतो असं लिहितात, ते लिहिणाऱ्यांनी एकदा खरी लाज अनुभवून पाहावी. सगळं व्यवस्थित उतरतं.

परत आलो तो थेट देवळात गेलो. जायचं ठरवूनच गेलो होतो, वाक्यही जुळवलं होतं. संध्याकाळची आरती होऊन भजन सुरू झालं होतं. सभामंडप भरलेला. अध्यक्ष पुढच्या सतरंजीवर बसले होते. मला पाहून सरकले आणि आपल्या शेजारी जागा करून दिली. आजवर त्यांनी मला तसं कधी बसवलं नव्हतं. मी बसलो.

पेटी सेकंदाला चार वेळा फुगत होती. आता मला ते न ऐकणं शक्य नव्हतं. भजनाचे बुवा चांगले, जुने, पंचक्रोशीत नाव असलेले. ते षड्ज लावायला जात आणि सूर त्यांच्या आवाजाखाली हलत राही, म्हणून ते आवाज चढवून तो पकडायला बघत. तिसऱ्या अभंगाला त्यांचा आवाज फाटला. ते थांबले, खाकरले, पाणी प्यायले, परत लावला, परत फाटला. सभामंडपात चुकचुक झाली. मी ती ओळखली. खांबापाशी उभ्या असलेल्या माणसासाठी झाली होती तीच.

अध्यक्ष माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बुवांचा आता वय झाला. नाय काय हो, मास्तर?"

मी मान डोलावली. डिसेंबरात माझी नोकरी कायम झाली.